शेजाऱ्याला शून्य गुण

बस डेपोच्या टाइमकीपरना सगळे मागून ‘तक्तेवाले’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. ड्रायव्हरांच्या ड्यूट्या आणि रजा तेच लावत. त्यांनी एक तक्ता केला होता: रक्ताच्या नात्यातलं अखेरचं आजारपण नऊ गुण, ऑपरेशन आठ, लग्न पाच. अर्जावरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवल्याशिवाय तो त्यांच्या टेबलावर यायचा नाही. माणूस कोण हे बघायचंच नाही, जे एकाला लागू ते सगळ्यांना लागू, असं त्यांचं म्हणणं. दया म्हणजे समोर उभा असेल त्याला वाढायचं आणि मागचा उपाशी ठेवायचा, असं ते नव्या लोकांना समजावत.

तक्त्याआधी रजा रडून मिळत. एका ड्रायव्हरचा मामा तीनदा वारला होता, तिसऱ्यांदा तर फारच हालहाल होऊन. त्यामानाने तक्ता बरा होता, हे कुणालाही मान्य व्हावं.

एका बुधवारी गुरुवारच्या रजेसाठी दोन अर्ज आले. बदली ड्रायव्हर एकच उरला होता. पहिल्या अर्जात मुलीचं ऑपरेशन होतं: आठ. दुसऱ्यात शेजारच्या म्हाताऱ्या काकू शेवटच्या घटका मोजत होत्या, अन् तक्त्यात शेजारी नव्हताच: शून्य. टाइमकीपरनी सही केली आणि चहा मागवला.

दुपारी दुसऱ्या अर्जाचा ड्रायव्हर खिडकीशी आला. हा माणूस मुळात मितभाषी. आई फॅक्टरीत असायची, तेव्हा त्या काकूंनीच जेवू घातलं, एवढं त्याने सांगितलं. मग नुसता उभा राहिला. टोपी काढायचा, घालायचा, परत काढायचा. त्याची बोटं थरथरत होती. ती बघता बघता टाइमकीपरांच्याच घशात काहीतरी अडकलं. ते पाणी प्यायले, पण अडकलेलं काही पाण्याने जाण्यातलं नव्हतं.

तो गेल्यावर त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. तासाभरात त्यांना कारण सापडलं: ज्या चालकाचे हात थरथरतात त्याने प्रवाशांच्या सुरक्षेसाठी गाडी चालवू नये. म्हणजे रजा ह्यालाच. कारण इतकं सुरेख होतं की त्यांनी ते लगेच हिशेब द्यायला आलेल्या कंडक्टरबाईंना वाचून दाखवलं. बाई त्यांच्यासोबत वीस वर्षं काम करत होत्या आणि भिडेखातर गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“रजा द्यायचं आधी ठरलं, साहेब. कारण मागून आलं.”

टाइमकीपर म्हणाले, हा सर्वांना लागू होणारा नियम आहे, बुद्धीने काढलेला. बाईंनी विचारलं की मग मुलीच्या बापाचे हात तपासले का? तो इस्पितळात आहे, खिडकीशी नाही, म्हणून त्याचे थरथरत नसतील असं थोडंच आहे?

ह्यावर टाइमकीपरनी तक्ताच पुढे केला. म्हणूनच तर हा केला, म्हणाले.

“हा का केला, ते मला आठवतंय,” बाई म्हणाल्या. “तेव्हाही असाच एक न बोलणारा ड्रायव्हर होता, दुसरा. मामावाल्याला रजा गेली आणि ह्याची आई ह्याच्याशिवाय गेली. दुसऱ्या दिवशी तो इथे डबा उघडून नुसता बसला होता. तुमच्याही घशाखाली घास उतरला नाही. त्याच आठवड्यात तुम्ही तक्ता आखायला घेतला. बुद्धीने तक्ता आखला, साहेब. आखायला बसवलं कुणी?”

टाइमकीपरनी तक्ता टेबलावर पालथा ठेवला. मग त्यांनी डोळे मिटून, कधी न पाहिलेल्या इस्पितळाच्या बाकावर त्या मुलीच्या बापाला बसवलं आणि त्याच्या शेजारी स्वतः बसले. घशात तेच अडकलं, तेवढंच. म्हणजे रजा दोघांनाही हवी, आणि ती कुणाची काढून घ्यायची नाही, हे पक्कं झालं. त्यानंतर बुद्धी झटझट चालू लागली. दुसरा बदली ड्रायव्हर नाही. पण टाइमकीपर आधी सहा वर्षं ड्रायव्हर होते, लायसन चालू होतं, गेल्याच महिन्यात डोळे तपासले होते. त्यांनी मॅनेजरांना फोन करून परवानगी काढली. कोणत्या नियमाखाली, असं मॅनेजरांनी विचारलं. टाइमकीपरनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं की माहीत नाही.

गुरुवारी दोन्ही ड्रायव्हर रजेवर गेले. टाइमकीपरनी दिवसभर गाडी चालवली आणि एका थांब्यावर चार जणांना उतरवायला विसरले.

शुक्रवारी मितभाषी ड्रायव्हर खिडकीशी आला. काकूंची भेट झाली का, असं टाइमकीपरनी विचारलं.

“झाली. ओळखलं नाही त्यांनी. दुपारी गेल्या.”

टाइमकीपरनी मनात गुण मांडले. रुग्णाला उपयोग शून्य, नातं शून्य, डेपोला चार प्रवाशांच्या तक्रारी. हिशेब कसाही फिरवला तरी रजा देणं चुकलं होतं, आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की शनिवारच्या ड्यूट्या लिहिताना दोनदा खाडाखोड झाली.