सलग

मरोळमध्ये उर्सुला आंटीचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, शेजारी माझं घड्याळ दुरुस्तीचं. आंटी एक नंबरची खडूस. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत तिचं "काय काम?" असतं. पण कागद तिच्या हातात गेला की निर्धास्त व्हावं.

त्या दुपारी श्रुतिका टॅब घेऊन आली. ती सिरियलच्या सेटवर कपडेपट सांभाळायची. प्रॉडक्शनमधल्या एका साहेबाविरुद्ध तिनं आदल्याच दिवशी तक्रार केली होती आणि चार वाजता कंपनीच्या तक्रार कमिटीपुढे सुनावणी होती. तिनं आधी दिलेले सुटे स्क्रीनशॉट त्यानं उडवून लावले होते. "सोयीचे तुकडे निवडलेत," म्हणाला. आता कमिटीला अख्खं चॅट सलग हवं होतं. नाहीतर तक्रार बाद, आणि पोरीची नोकरीही गेल्यातच जमा.

"सोपं आहे," आंटी म्हणाली. "स्क्रीनशॉट घ्यायचा, खाली स्क्रोलचं बटण येतं ते दाबत राहायचं. तो खालीच सरकतो, म्हणून सुरुवात वरून करायची."

"आंटी, थांबा ना. आधी माझे काही मेसेज काढते."

"एकपण काढायचा नाही! मग त्याचंच खरं होईल ना गं?"

दोघींची हुज्जत चालू असतानाच श्रुतिका किंचाळली. सगळ्यात खालचा मेसेज गेला होता. त्याच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढंच. बघता बघता त्याच्या वरचाही गेला. तिकडे साहेब कामाला लागला होता.

"जुने मेसेज त्याला आता दोघांच्या फोनवरून पुसता येत नाहीत, दोन दिवसांची मुदत संपली," आंटी म्हणाली. "तू परवापासून घे! परवाच्या पहिल्या मेसेजवर जा!"

श्रुतिकाचा अंगठा भलतीकडेच पडत होता. आंटीनं टॅब ओढून घेतला आणि बटण दाबून धरलं. चित्र लांबत गेलं. 'शुक्रवारी रूमवर आली नाहीस तर काम गेलं समज' आलं, त्याखालचं उत्तरही आलं, आणि आंटीनं सेव्ह केलं. मिनिटभरात चॅटमधून ते वाक्य गेलं. चित्रात मात्र राहिलं.

मग तिनं महिन्याभराचं जुनं चॅट घेतलं. प्रत्येक नवा तुकडा आधीच्या शेवटच्या मेसेजपासून सुरू केला, म्हणजे मधे काही गाळलं असं कुणाला म्हणता येऊ नये.

श्रुतिका मात्र रडत होती. त्या धमकीखाली तिचंच उत्तर होतं, 'ठीक आहे सर, थँक यू' आणि जोडलेले हात.

"हे वाचून सगळे मलाच हसतील. एवढंच कापा ना, आंटी."

आंटी टॅब खाली ठेवून तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. पंधरा वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती.

"मीपण ऑफिसात एका साहेबाला सहा वर्षं थँक यू म्हणत होते," ती म्हणाली. "घाबरलेलं माणूस दुसरं काय म्हणणार? मी शेवटी बोलले तेव्हा माझ्या हातात एक कागद नव्हता. नोकरी माझीच गेली."

सव्वातीन वाजले होते. श्रुतिकानं ओढणीनं डोळे पुसले आणि टॅब प्रिंटरकडे सरकवला.

"काही कापू नका, आंटी. सगळं छापा."