सगळ्यांचे मामा मेडिकलवाले

नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात देवयानीचा सकाळचा सातवा फोन चालू होता. पर्समधला डोंबिवलीहून आणलेला डबा अजून बाहेरही निघाला नव्हता. कंपन्यांना नोकरीसाठी मुलं पुरवायची, हे तिचं काम. अकरा वर्षं ती तेच करत होती.

पलीकडे विठ्ठलवाडीची सान्वी होती. बारावी झालेली, पहिलीच मुलाखत, तीही कॉल सेंटरची.

"मॅडम, नापास झाले तर परत बोलवतात का?"

"तीन महिने नाही बोलवत. आधीच कशाला नापास होतेस? सगळं लिहून पाठवते, नीट वाच."

सान्वीच्या वडिलांची इस्त्रीची गाडी होती. चाळ पाडणार म्हणून गाडी हलवायची नोटीस आली होती. मुलीला पगार सुरू झाला नाही तर घर गावी, साताऱ्याकडे, परत जाणार होतं. हे सान्वीने विचारल्याशिवायच सांगून टाकलेलं.

देवयानी लिहायला बसली. बाकीच्या रिक्रूटर फक्त वेळ आणि पत्ता पाठवत. हिचा निरोप मोबाइलवर चार वेळा सरकवावा लागे. मालक सलिल त्याला निबंध म्हणायचा.

तिने लिहिलं : आधी कंपनीच्या एचआरचा फोन येईल, पाच मिनिटांचा, शांत जागी बसून घे. मग ऑफिसात टायपिंग आणि आवाजाची परीक्षा. एक उतारा मोठ्याने वाचायला देतात, भरभर वाचू नकोस. तिसरी फेरी ऑपरेशन्स मॅनेजरची, खरी तीच. आपल्या एजन्सीतून गेलेल्यांचा निकाल ते त्याच संध्याकाळी मला सांगतात. आधारकार्ड, मार्कशीट आणि दोन फोटो ने. 'चिडलेल्या माणसाला कसं समजावलंत?' हा प्रश्न हमखास येतो. एखादा खराखुरा प्रसंग सांग. उदाहरणार्थ, माझ्या मामाच्या मेडिकल दुकानातून मुदत संपलेलं खोकल्याचं औषध गेलं, गिऱ्हाईक ओरडत आलं, मी आधी ऐकून घेतलं, माफी मागितली, औषध बदलून दिलं.

शेवटी नेहमीची ओळ : मैत्रिणींना नोकरी हवी असेल तर त्यांनाही कळव. ती ओळ सलिलची होती. एका मुलीमागे चार मुली, ही एजन्सीची रीत.

सान्वीने कळवलं. नावांबरोबर निबंधही पुढे पाठवला. गुरुवारी टायपिंगच्या क्लासमधल्या पाच जणी तिच्याबरोबर गेल्या.

संध्याकाळी कंपनीच्या एचआरमधल्या क्षिप्राचा फोन आला.

"देवयानी, एक विचारू? तुमच्याकडे सगळ्यांचे मामा मेडिकलवाले असतात का गं?"

देवयानीने सान्वीला पाठवलेला निरोप उघडला.

"सहा मुली, सहा मामा. औषध एकच, खोकल्याचं. मॅनेजर आधी हसले, मग चिडले. सहाही रिजेक्ट. आणि महिनाभर तुमच्याकडून मुलं पाठवू नका म्हणालेत."

"सान्वीचं टायपिंग कसं होतं?"

"सगळ्यांत चांगलं. आवाजही स्वच्छ. म्हणून तर तिला मॅनेजरांनी एक प्रश्न जास्त विचारला. दुकान कुठे आहे म्हणाले. तिला सांगता येईना."

देवयानीने सान्वीला फोन लावला. "अगं, खराखुरा प्रसंग लिहिलं होतं ना मी?"

"हो मॅडम."

"तुझ्या आयुष्यात कुणी चिडलंच नाही कधी?"

"चिडले ना. मागच्या दिवाळीत पप्पांच्या हातून एका काकूंचं पैठणीचं ब्लाउज जळालं. त्यांनी गाडीपाशी येऊन आरडाओरडा केला. पप्पा तर घाबरून बाजूला झाले. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, सगळं बोलू दिलं. मग तसंच कापड शोधून शिवून दिलं. अजून कपडे आमच्याकडेच टाकतात त्या."

"मग हे का नाही सांगितलंस?"

"इस्त्रीचं कसं सांगायचं मॅडम, एसी ऑफिसात? आणि तुम्ही लिहिलेलं म्हणजे तेच बरोबर ना?" मग तिने विचारलं, "त्या पाच जणींचं काय झालं? माझ्याशी कोणी बोलत नाहीये."

देवयानीने ते सांगितलं. तीन महिन्यांचंही सांगितलं. ते सान्वीला आधीच ठाऊक होतं.

"तोपर्यंत आम्ही इथे नसू," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, भरभर नव्हता.

सलिल टेबलाशी आला. "झालं समाधान? उद्यापासून वेळ आणि पत्ता. बास."

देवयानीने वाद घातला नाही. सेव्ह केलेला निबंध उघडून तिने मामा काढला. मग प्रश्न काढला. मग फेऱ्याही काढल्या. शेवटची ओळ काढायला गेली, तेव्हा सलिल म्हणाला, "ती राहू दे."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता शीळफाट्याजवळच्या एका गोदामात आठ मुलांच्या मुलाखती आहेत. आठही जणांची ही पहिलीच मुलाखत. त्यांना गेलेला निरोप तीन ओळींचा आहे.