नीरजाचे चार चिमटे

"हे चार चिमटे इथून काढा म्हणालो, एवढंच."

"काढते की सर. पण लावू कुठे, ते तुम्ही सांगा."

"अबोलीच्या नावावर टाका. टेम्पररी आहे, कुरकुर करणार नाही."

"कुरकुर मीसुद्धा केली नव्हती," वृंदा म्हणाली. "अकरा वर्षं."

पहाडगंजातल्या त्या मराठी शाळेची परीक्षेची खोली म्हणजे एक कपाट, एक खिडकी आणि मधे जेमतेम दोन माणसं भांडतील एवढी जागा. खिडकीच्या गजांपासून कपाटाच्या कडीपर्यंत वृंदाने सहा दोऱ्या ताणल्या होत्या, सोमवार ते शनिवार. प्रत्येक दोरीवर दहा चिमटे. पहिले आठ म्हणजे आठ वर्ग, शेवटचे दोन म्हणजे रिलिव्हर, चहापाण्याला वर्गावरच्या शिक्षकाला सोडवणारे. चिमट्यांवर पेनाने नावं. पंधरा शिक्षक, प्रत्येकाला चारच चिमटे, म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात चारच पहारे. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये नवऱ्याचे शर्ट आज बादलीतच पडून होते, कारण घरातले सगळे चिमटे शाळेत आले होते.

टेम्पररी असताना तिने परीक्षेतला एकही दिवस चुकवला नव्हता. ताप आला तरी वर्गावर, आणि संध्याकाळी तिच्याच विषयाचे गठ्ठे समोर. वेळापत्रक करणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कुणाला तरी करावंच लागतं ना." दोन वर्षांपूर्वी ते काम तिच्याकडे आलं तेव्हा तिने कागद बाजूला ठेवला आणि चिमटे काढले. चार संपले की संपले.

मुख्याध्यापक दीनानाथ सर घाम पुसत उभे होते. "ताई, नीरजा मसुरीला चाललीये. गुलाबरावांची सून. गुलाबराव संस्थेचे खजिनदार. आता मी काय बोलू?"

"बरं. तुम्हीच लावा."

सरांनी नीरजाचे चारही चिमटे उपटून मुठीत घेतले. सोमवारच्या दोरीकडे हात गेला आणि थांबला.

"अबोली सोमवारी आधीच तीन नंबरच्या वर्गावर आहे," वृंदा म्हणाली. "एकाच वेळी दोन वर्गांत उभी करणार का तिला? मंगळवारी तेच. शनिवारीही."

"बुधवार रिकामा दिसतोय."

"बुधवारी गणिताचा पेपर. ती गणिताची. स्वतःच्या विषयाला वर्गावर कुणी नाही, हा नियम तुमच्याच सहीचा आहे. प्रश्नात काही चुकलं तर तिला ऑफिसात हजर राहावं लागतं. गुरुवार रिकामा आहे तो तिच्या पेपर तपासणीचा."

"अरे यार," सर हिंदी वळणावर गेले, म्हणजे हरायला लागले होते. "मग अहिल्या, सुमित्रा, त्यांच्यात वाटून टाका. एकेक जास्त. बिल्कुल कळणार नाही कुणाला."

"त्यांना कळेल."

"तुम्ही ना, ताई, उगाच तत्त्वाचा प्रश्न करता."

"प्रश्न साठ जागांचा आहे. तुम्ही चार चिमटे कमी करताय, जागा तेवढ्याच राहतायत."

सरांनी मूठ उघडली, बंद केली. बाहेर प्रार्थनेचा माइक कुणीतरी ठोकून बघत होतं.

वृंदाने हात पुढे केला. सरांनी चिमटे दिले, सुटल्यासारखे. तिने पदराने एकेकावरचं नाव घासून पुसलं, पेन घेतलं, चारही चिमट्यांवर दोनच अक्षरं लिहिली आणि सोमवार, मंगळवार, बुधवार, शनिवार, चारही दोऱ्यांच्या टोकाला ते अडकवले. तिथले रिलिव्हर सरकवून नीरजाच्या वर्गांवर नेले. मग पुन्हा वरून खाली नजर फिरवली. कुणाचा विषय आड येत नव्हता, कुणाचं मूल त्या वर्गात बसत नव्हतं.

सर वाकले. "दीना? हे कोण?"

"तुम्ही."

"मी मुख्याध्यापक आहे."

"म्हणून वर्ग नाही दिला. सगळीकडे फिरता ना तुम्ही, फिरता फिरता सोडवा. तुमचा विषय नाही, तपासणी नाही, सगळ्यात मोकळे तुम्हीच."

"आणि गुलाबरावांना काय सांगू?"

"सांगा, सुनेच्या जागी मी उभा राहतोय. आवडेल त्यांना. नाहीतर नीरजाला मसुरी आठवडाभर पुढे ढकलायला सांगा, तिचे चिमटे मी आत्ता परत लिहिते."

टोकाचा चिमटा सरांनी बोटाने हलवून बघितला, तो हलला नाही.

वृंदाने खुर्चीवर बसून सगळं कागदावर उतरवलं. शाळेचा शिक्का मारला, डब्यातून चार टाचण्या घेतल्या.

"वृंदाताई," सरांचा आवाज आता खाली आला होता. "पुढच्या वर्षी हे काम तुमच्याकडे राहील, असं वाटतंय का तुम्हाला?"

टाचण्या ओठांत धरून, कागद हातात घेऊन ती नोटीस बोर्डाकडे निघून गेली.