टाइमकीपरची यादी

बस डेपोत तीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एकच खाज राहते. जिथे चार माणसं गोळा होतील, तिथे त्यांना वेळापत्रक लावून द्यायची. इमारतीतल्या सणाच्या जेवणाची यादी त्यानं आपण होऊन अंगावर घेतली ती त्यामुळंच, असं सगळ्यांना वाटलं. पण खरं कारण त्याच्या घरातच होतं.

झालं होतं असं, की गेल्या वर्षी जो तो आपल्या मनानं पदार्थ घेऊन आला. भाताचं पातेलं एक आणि खिरीची नऊ! टाइमकीपरच्या बायकोची खीर रांगेत शेवटची. पातेलं घरी आलं तेव्हा वरची सायसुद्धा मोडली नव्हती. तिनं ते दाणकन ओट्यावर आदळलं. मग म्हणाली, "तुमचा सण तुम्हाला लखलाभ. पुढच्या वर्षी मी घरीच."

आणि ती बोलली म्हणजे बोलली. बायको नाही तर सण कसला?

म्हणून त्यानं पट्टी घेऊन मोठ्या कागदावर ओळी आखल्या. माणसं साठ. भाताच्या चार ओळी, प्रत्येकी पंधरा जणांपुरता. रश्श्याच्याही चार. सुक्या भाज्या तीन, कोशिंबिरी दोन आणि गोडाच्या फक्त दोन. पुढे नाव, खोली, आणि दाणे किंवा दूध आहे का, याचा रकाना. खाली नियम: 'पदार्थ नीट लिहावा, "काहीतरी आणीन" चालणार नाही. एका ओळीत एकच नाव. ताटं-चमच्यांची ओळ एकट्या राहणाऱ्यांसाठी.' हा शेवटचा नियम नसता, तर अर्ध्या इमारतीनं चमचेच आणले असते.

सकाळी आठला कागद जिन्याखालच्या फळ्यावर लागला. वर येऊन तो सहज बोलल्यासारखं बोलला, "गोडाच्या दोनच ओळी आहेत हं."

"असू देत," बायको मटार सोलत म्हणाली. उठली काही नाही.

दहापर्यंत गोडाच्या दोन्ही ओळी गेल्या. एक शिंप्यानं घेतली, एक नर्सबाईनं. टाइमकीपरचा जीव खालीवर. कुणी नाही बघून त्यानं तिसरी ओळ आखायला पट्टी टेकवली, तेवढ्यात जिन्यावरून नर्सबाई, "काय काका, जादा गाडी सोडताय का?"

पट्टी मुकाट्यानं खिशात गेली.

तिसऱ्या दिवशी एकच ओळ उरली, सुक्या भाजीची. त्यानं धीर करून बायकोला विचारलं, "एवढी एक रिकामी आहे. तुझं नाव लिहू?"

"म्हणजे कुणी घेतलं नाही, ते माझ्या गळ्यात? वा रे वा!"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

संध्याकाळी ती दूध आणायला उतरली. फळ्यापुढे तळमजल्यावरचे घड्याळजी उभे होते. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दात औषधाला नाही. ताटं-चमचे त्यांच्या नावावर होते.

"वहिनी, ताटं मी आणतोय खरी," ते म्हणाले, "पण माझ्या ताटात पडणार काय? गेल्या वर्षी चैन होती. नऊ खिरी!"

"मग माझी का नाही खाल्लीत?"

"तिसरीलाच पोट भरलं हो. तुमच्यापर्यंत पोचलोच नाही."

ती हसली. मग चष्मा लावून तिनं यादी वरून खाली वाचली. भात मोकळा, रस्से झणझणीत, कोशिंबिरी कच्च्या, गोडाला चिक्की आणि कडक लाडू. तिनं जिन्यातूनच हाक मारली, "अहो! खाली या बघू!"

टाइमकीपर चपला न घालताच आला.

"ही कसली यादी? पदार्थ मोजलेत, तोंडं मोजली नाहीत. बिनदाताचे पाच म्हातारे आहेत इमारतीत, दात यायची चार पोरं. त्यांनी काय, चमचे चघळायचे?"

"पण तशी ओळच नाही..."

"मग पाडा की! पट्टी आहे ना खिशात?"

त्यानं ओळ पाडली. तिनं लिहिलं: 'मऊ भात, बिनतिखटाचा, नऊ जणांपुरता.' पुढं स्वतःचं नाव ठसठशीत. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "आणि सुकी भाजी तुम्ही करा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, एक भाजी सोडा स्वतःची."

सणाच्या दिवशी टाइमकीपरची भाजी एका बाजूनं करपलेली आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची होती. भूक होती म्हणून लोकांनी खाल्ली. बायकोच्या पातेल्यापुढं मात्र रांग लागली. वर तूप सोडलेला वाफाळता भात बघून शिंप्याच्याही तोंडाला पाणी सुटलं. तो ताट घेऊन घड्याळजींच्या मागं उभा राहिला.

तिनं पळी वर धरली. "आ कर."

शिंप्यानं आ केला.

"बत्तीसच्या बत्तीस आहेत. चल, नवऱ्याची भाजी खा माझ्या."