रस्ता सोडून वावरातून

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं येतं. कोणी वाचलंच तर माफ करावं.

माझी लेक पोलीस भरतीची तयारी करते. त्यात आठशे मीटर पळावं लागतं. पहाटे ती गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यानं पळायची, ट्रॅक पँट घालून, ओढणी न घेता. एक दिवस थोरल्या जाऊबाई नळावर सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "काहून वं, तुही पोरगी रोज कोणाच्या मागं पळून राह्यली?"

बाया हसल्या. मला चार माणसांत बोलता येत नाही. घागर अर्धीच भरली होती, तशीच उचलली आणि घरी आले. राग मात्र लेकीवर काढला.

"रस्त्यानं नको पळू. आपल्या वावरात पळ. तिथं कोण पाह्यते?"

"माय, वावर सारखं नसते. पाय मुरगळते."

"आमी जन्मभर तिथंच चालून राह्यलो. आमचा नाही मुरगळला?"

चालणं वेगळं आणि पळणं वेगळं, हे मला ठाऊक नव्हतं.

आधी ती वावराखालच्या नदीच्या रेतीत पळाली. मी मोबाइलवर वेळ लावून काठावर उभी. कोरड्या रेतीत टाच रुतायची, पाऊल मागं सरकायचं. रस्त्यापेक्षा खूपच वेळ लागला.

"आज कंटाळा करून राह्यली काय?" मी म्हटलं.

ती पोटऱ्या दाबत बसली. दुसऱ्या दिवशी सोयाबीन काढलेल्या वावरात गेली. वरून ते सपाट दिसत होतं. पण आमची काळी जमीन वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांवर सोयाबीनचा पाला पडलेला होता. माझी बोलणी टाळायला ती जीव तोडून पळाली. एका भेगेत पाय गेला, पाऊल आत वळलं आणि ती बांधावरच्या मला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली.

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज आली. मी गरम तेलानं घोटा रगडून रगडून चोळला. वाशीमचे डॉक्टर म्हणाले, "चोळला कोणी? सूज वाढली ना. ताज्या दुखण्यावर थंड लावायचं, पाय उंच ठेवायचा." फोटो काढला. हाड शाबूत होतं, सांधा बांधून ठेवणारी शीर ताणली होती. वावरात कशाला पळालीस, असं त्यांनी विचारलं.

"मीच गेली होती," लेक म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी तिची चप्पल पिशवीत घालू लागले.

दवाखान्याचे पैसे जाऊबाईंनीच दिले. मागायला गेले तर लगेच पदराची गाठ सोडली. त्या वर्षीची मैदानी परीक्षा आली, तेव्हा लेक लंगडत होती. मैत्रिणी जीपनं गेल्या. ती दारात उभी राहून त्यांना हात करत होती, आणि मी चुलीपुढून उठले नाही.

पुढं गावातलीच पोलिसात असलेली एक पोरगी सुट्टीवर आली. तिनं घोटा हलवून पाहिला. "आधी एका पायावर उभं राहाले शिक, भिंतीजवळ. मग सपाट जागेवर चाल, मग पळ." मला म्हणाली, "काकू, रेतीत वेळ नका लावू. तिथं वेग कमी होतेच. दम पाहा फक्त. पाऊल लहान टाकाचं, ओल्या दाबल्या रेतीवरून जायचं, तेही कधीमधी. काठ कलता असला तर परतताना त्याच काठानं या, म्हणजे एकाच घोट्यावर भार नाही येत. अन् गवत असो का वावर, आधी चालून पाहा, मग पळा. मैदान सपाट असते, तर सराव बी सपाटीवरच झाला पाह्यजे."

"म्हणजे रस्त्यानं?" मी विचारलं.

"रस्त्याच्या कडेच्या मातीवर. ती डांबरापेक्षा मऊ."

आता पहाटे लेकीच्या आधी मी ती कडा चालून येते. दगड बाजूला सारते, खड्ड्यात माती लोटून पायानं दाबते. घोट्याला पट्टा बांधून ती मागून येते. चढावर पाऊल लहान करते, खडबडीत जागी हळू होते. मी तिला वेळ विचारत नाही. पण तिचा पाय जरा वाकडा पडला तरी मी तिच्याकडे धावते. ते वावर आम्ही पुन्हा पेरलं, भेगा बुजल्या. मला मात्र तिकडून जाताना खाली पाहवत नाही.

निंदणाच्या मजुरीतून जाऊबाईंचे पैसे थोडे थोडे फेडत होते. परवा शेवटचे द्यायला गेले. ओसरीवर बाया बसल्या होत्या.

"पोरगी पळते का वं आता?" जाऊबाईंनी विचारलं.

"पळते," मी म्हटलं. "रस्त्यानंच पळते. मीच पाठवते. तवा वावरात बी मीच पाठवली होती, लोक पाह्यते म्हणून."

कोणी हसलं नाही. जाऊबाईंनी नोटा मोजल्या नाहीत, पदरात बांधल्या आणि म्हणाल्या, "झाले सारे."