खोडलेलं तिसरं वाक्य

ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेला समन्वयक हवा होता. अंबाजोगाईत एमएसडब्ल्यू करून मी चार महिने घरी बसले होते, सगळ्यांवर खेकसत. भरती करणाऱ्या मॅडमनी जाहिरातीत बजावलं होतं की बायोडाटा जोडा, आणि या कामाला तुम्ही योग्य का, ते ईमेलमध्ये तीनच वाक्यांत लिहा.

पहिल्यात शिक्षण लिहिलं, दुसऱ्यात वस्तीवर घेतलेले वर्ग. तिसऱ्यात लिहिलं, 'दहा वर्षांची होईपर्यंत दर हंगामाला मी आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत राहिले आहे.' वाचून माझं मलाच कसंतरी झालं. खोडलं. तिथं 'मी कष्टाळू व प्रामाणिक आहे' असं टाकून ईमेल पाठवला आणि दर पाच मिनिटांनी मोबाईल बघत राहिले.

आई वैतागली. "कावून सारखं त्यात बघायलीस? बस की जरा गप."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. बायोडाटा चांगला आहे, पण कष्टाळू तर सगळेच लिहितात. तळावर राहिलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर कळवा.

मी तिथंच उंबऱ्यावर बसून उत्तर लिहायला घेतलं. खोडलेलं वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ होतं.