ताईची छोटी वाटी

बाळकुमला राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीला जुना मधुमेह. गेल्या वर्षी चार घासांतच तिचं पोट भरायला लागलं आणि सकाळी खाल्लेली मटकी संध्याकाळी उलटीतून तशीच बाहेर पडायची.

तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "जठर सावकाश रिकामं होतंय. थोडं थोडं, जास्त वेळा खा. तेल-तूप आणि चोथा कमी करा."

"मधुमेहासाठी कोशिंबीर, कडधान्यं तुम्हीच खायला लावलीत की!" ताई हसली. पण वर्षानुवर्षांची शिस्त तिने मुकाट्याने मोडली. मऊ भात, मुगाचं वरण, साल काढून शिजवलेला दुधी, छोट्या वाटीत. इन्सुलिनच्या वेळाही डॉक्टरांना विचारून बदलल्या.

आमच्या भाचीच्या लग्नात तिने भरल्या पंगतीत घरून आणलेला डबा उघडला.

"अगं, लोक बघतायत," मी कुजबुजले.

"बघू दे. खाल्लेलं आता उलटत नाही, हे काय कमी आहे?"

मला तिचा फार अभिमान वाटला.